दोन लाख ऐंशी हजार आणि आठ हजार आठशे

९ मार्च २०१२ रोजी भारताचे तेव्हाचे पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत एक आदेश काढला. सोराफेनिब नावाचं एक औषध आहे. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग खूप पुढे गेला असेल, तर डॉक्टर ते देतात. रोज चार गोळ्या, म्हणजे महिन्याला १२०. बायर ही जर्मन कंपनी हे औषध ‘नेक्सावार’ या नावाने विकत होती आणि तिच्याकडे त्याचं भारतीय पेटंट होतं. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको फार्मा कंपनीला तेच औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि अट घातली की महिन्याच्या गोळ्या ८,८८० रुपयांपेक्षा जास्त दराने विकायच्या नाहीत.

औषध तेच, मात्राही तीच, आणि दरात जवळजवळ बत्तीसपट फरक. घरात असा आजारी माणूस असलेल्यांना हा फरक काय असतो ते सांगावं लागत नाही. पण तो नेमका येतो कुठून, हे मात्र समजून घ्यायला हवं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एका शब्दात दिलं जातं. टीका करणारे म्हणतात ‘हाव’ आणि कंपनीची बाजू घेणारे म्हणतात ‘संशोधन’.

दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. नफा नॅटकोलाही हवा होता, तिने ८,८०० रुपयांचा दर स्वतःहून देऊ केला होता तो काही धर्मादाय म्हणून नव्हे. आणि संशोधनाचा पैसा गोळी बाजारात येण्याआधीच खर्च झालेला असतो. पुढे गोळ्या शंभर विकल्या काय किंवा एक लाख विकल्या काय, तो आकडा बदलत नाही. मग त्या आकड्यावरून किंमत २,८०,४२८ का, पाच लाख का नाही, दीड लाख का नाही, हे कळणार कसं? ते कळण्यासाठी अर्थशास्त्रातले दोन साधे हिशेब लागतात, सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती. अकरावी-बारावीच्या पुस्तकात हे शब्द अनेकांनी पाठ केले असतील. आलेखावरच्या रेषा बाजूला ठेवून ते पाहिले, तर दुकानदारापासून औषध कंपनीपर्यंत सगळ्यांच्या रोजच्या हिशेबातच ते सापडतात.

सीमांत खर्च म्हणजे आणखी एक नग तयार करून विकायला येणारा जादा खर्च. आधी काय खर्च झाला ते त्यात धरायचं नाही. सीमांत प्राप्ती म्हणजे तो आणखी एक नग विकल्यामुळे एकूण गल्ल्यात पडलेली भर. जोवर पुढचा नग गल्ल्यात जेवढी भर घालतो ती त्याच्या खर्चापेक्षा जास्त आहे, तोवर विकत राहायचं. ती भर खर्चाच्या खाली गेली की थांबायचं. नफा वाढवू पाहणारा कोणीही, मग तो छोटा शेतकरी असो की बलाढ्य कंपनी, याच नियमाने चालतो. पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी यांत हा नियम बदलत नाही. बदलते ती सीमांत प्राप्ती.

आधी स्पर्धेची बाजू पाहू. लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा विचार करा. आवारात शेकडो ट्रॅक्टर उभे आहेत, माल साधारण सारखा आहे आणि लिलावात निघेल तो भाव आहे. त्याने पाच क्विंटल जास्त आणले म्हणून भाव पडत नाही आणि घरीच ठेवले म्हणून चढत नाही. समजा भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे. दहावा क्विंटल विकला तर त्याच्या हातात १,५०० ची भर, अकरावा विकला तरी १,५०० ची. म्हणजे त्याच्यापुरती सीमांत प्राप्ती आणि बाजारभाव एकच. त्याने ठरवायचं ते फक्त एवढंच, की किती माल काढायचा आणि किती आणायचा.

हा हिशेब शेतकरी किती काटेकोरपणे करतो, ते भाव कोसळल्यावर दिसतं. उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. बी, रोपं, खतं, पाणी, लागवडीची मजुरी, सगळं होऊन पीक हाताशी आलेलं असतं आणि ते मातीत गाडावं लागतं. त्या क्षणी त्याच्यासमोरचा प्रश्न मात्र पुढचा असतो. काढणीची मजुरी, गोण्या आणि गाडीभाडं मिळून क्विंटलला चारशे रुपये लागणार असतील आणि भाव तीनशे मिळणार असेल, तर प्रत्येक क्विंटलमागे आणखी शंभर रुपये जाणार. झालेला खर्च परत येत नाही, निदान पुढचा तरी वाचतो. सीमांत खर्च भावाच्या वर गेला की उत्पादन थांबतं, हे पुस्तकातलं वाक्य त्या शेतात असं दिसतं.

अशा बाजारात भाव सीमांत खर्चाजवळ येऊन टेकतो. भाव खर्चापेक्षा बराच वर असेल तर आहेत ते विक्रेते जास्त माल आणतात, नवे येतात, आणि भाव उतरतो. खर्चाच्या खाली गेला तर काही जण बाजूला होतात. ‘पूर्ण’ स्पर्धा प्रत्यक्षात क्वचितच भेटते. तिला असंख्य विक्रेते, अगदी सारखा माल, भावाची सगळ्यांना माहिती आणि धंद्यात यायला-जायला मोकळीक, हे सगळं एकदम लागतं. कांद्याच्या बाजारातही व्यापाऱ्यांची संख्या मोजकी असते, हे शेतकरी सांगतातच. पण विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे उदाहरण पुरेसं जवळचं आहे.

आता मक्तेदाराकडे येऊ. त्याच्यासमोर बाजारभाव असा नसतोच, त्याच्यासमोर असतात थेट गिऱ्हाइकं. समजा एका औषधाचा एकच विक्रेता आहे आणि दहा रुग्ण आहेत. पहिल्याला महिन्याला एक लाख रुपये देणं शक्य आहे, दुसऱ्याला नव्वद हजार, तिसऱ्याला ऐंशी, असं दहा-दहा हजारांनी उतरत दहाव्याला दहा हजार. गोळ्या बनवून रुग्णापर्यंत पोचवायला दर रुग्णामागे महिन्याला दहा हजार खर्च येतो. हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, खऱ्या कंपनीचे नाहीत. विक्रेत्याला सगळ्यांना एकच दर लावावा लागतो, हेही धरू.

| किती रुग्णांना विकलं | लावावा लागणारा दर (रु.) | एकूण प्राप्ती (रु.) | सीमांत प्राप्ती (रु.) |
|---|---|---|---|
| १ | १,००,००० | १,००,००० | १,००,००० |
| २ | ९०,००० | १,८०,००० | ८०,००० |
| ३ | ८०,००० | २,४०,००० | ६०,००० |
| ४ | ७०,००० | २,८०,००० | ४०,००० |
| ५ | ६०,००० | ३,००,००० | २०,००० |
| ६ | ५०,००० | ३,००,००० | ० |
| ७ | ४०,००० | २,८०,००० | –२०,००० |

दुसऱ्या ओळीपाशी जरा थांबू. दुसरा रुग्ण नव्वद हजार देतो, पण गल्ल्यात भर पडते ऐंशी हजारांचीच. उरलेले दहा हजार गेले कुठे? ते पहिल्या रुग्णाला द्यावे लागले. तो एक लाख देत होता, आता दर सगळ्यांसाठी नव्वद हजार झाल्याने त्यालाही सूट मिळाली. पाचव्या रुग्णापर्यंत आलं की ही सूट चार जणांना द्यावी लागते. पाचव्याचे साठ हजार आले, पण आधीच्या चौघांचे प्रत्येकी दहा असे चाळीस हजार गेले, भर उरली वीस हजारांची. मक्तेदाराची सीमांत प्राप्ती किमतीच्या खाली असते ती या एकाच कारणाने. नवं गिऱ्हाईक मिळवायचं तर जुन्या सगळ्यांचा दर उतरवावा लागतो. कांद्याच्या शेतकऱ्याला अकराव्या क्विंटलसाठी पहिल्या दहांचा भाव कमी करावा लागत नाही, म्हणून त्याच्याकडे हे अंतर पडत नाही.

आता निर्णय. पाचवा रुग्ण गल्ल्यात वीस हजार घालतो आणि त्याच्यासाठी खर्च होतो दहा हजार, म्हणून त्याला औषध मिळतं. सहावा रुग्ण पन्नास हजार द्यायला तयार आहे. त्याच्या गोळ्यांचा खर्च दहाच हजार आहे. तरीही त्याला औषध मिळत नाही, कारण त्याला विकल्याने गल्ल्यात शून्य भर पडते. विक्रेता पाचांवर थांबतो, दर ठेवतो साठ हजार आणि नफा मिळवतो अडीच लाख. चारांवर थांबला असता तर दोन लाख चाळीस हजार मिळाले असते, सहांपर्यंत गेला असता तरी दोन लाख चाळीसच. म्हणजे मक्तेदार जमेल तेवढी मोठी किंमत लावतो, ही समजूत चुकीची आहे. एक लाखाचा दर त्याला परवडत नाही, कारण त्या दराला एकच गिऱ्हाईक उरतं. तो शोधत असतो ती जागा जिथे सीमांत प्राप्ती खर्चाला येऊन भेटते, आणि त्या जागेवर गिऱ्हाईक जी जास्तीत जास्त किंमत देईल ती लावतो.

हेच दहा रुग्ण आणि हाच खर्च ठेवून विक्रेते अनेक झाले तर? कोणी साठ हजार मागितले की शेजारचा पंचावन्न मागेल, तिसरा चाळीस. घसरण थांबेल ती दहा हजारांपाशी आणि औषध दहाही रुग्णांपर्यंत जाईल. दर एक षष्ठांश आणि विक्री दुप्पट.

या दोन अवस्थांमधला फरक पैशात मोजता येतो, आणि मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. पहिले पाच रुग्ण मक्तेदारीत प्रत्येकी पन्नास हजार जास्त देतात, ते अडीच लाख कंपनीकडे जातात. हा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण तो नाहीसा झालेला नाही. सहाव्यापासून दहाव्यापर्यंतच्या पाच जणांचं तसं नाही. ते अनुक्रमे पन्नास, चाळीस, तीस, वीस आणि दहा हजार द्यायला तयार होते, खर्च प्रत्येकी दहाच होता. त्यांना औषधातून खर्चाच्या वर जो लाभ झाला असता त्याची बेरीज एक लाख होते. हे एक लाख रुग्णांना मिळत नाहीत आणि कंपनीलाही मिळत नाहीत. कंपनीचा नफा कितीही महत्त्वाचा मानला तरी या लाखाचं समर्थन त्याने होत नाही. मक्तेदारीवरचा अर्थशास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेप महागाईपेक्षाही या न झालेल्या विक्रीवर आहे.

हा विचार तसा जुना आहे. फ्रान्सच्या ऑगस्टीन कूर्नो याने १८३८ मध्येच मक्तेदाराचं गणित मांडलं, आणि त्याने उदाहरण घेतलं होतं औषधी गुणाच्या पाण्याचा झरा मालकीचा असलेल्या माणसाचं. त्या पाण्याचा खर्च जवळजवळ शून्य, तरी मालक ते फुकट वाटत नाही आणि हवी तेवढी किंमतही मागत नाही. पुढे १९३३ मध्ये केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी अपूर्ण स्पर्धेवरच्या आपल्या पुस्तकात सीमांत प्राप्तीचा वक्र मध्यभागी आणला आणि तेव्हापासून तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. याच रॉबिन्सनबाई १९२०च्या दशकात ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे पती ऑस्टिन हे तिथल्या बालवयीन शिंदे महाराजांचे शिक्षक होते.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, अब्बा लर्नर यांनी मक्तेदारीची ताकद मोजायचं एक माप दिलं. किमतीतून सीमांत खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला किमतीने भागायचं. पूर्ण स्पर्धेत उत्तर शून्य येतं. आपल्या उदाहरणात साठातून दहा गेले पन्नास, म्हणजे सुमारे ८३ टक्के. अडचण एवढीच की सीमांत खर्च कुठल्याही ताळेबंदात लिहिलेला नसतो आणि कंपनी तो आपणहून सांगत नाही. तो बाहेरून कळण्याची खात्रीची वाट म्हणजे दुसरा विक्रेता बाजारात येणं.

सोराफेनिबच्या बाबतीत तेच घडलं. नॅटको ८,८०० रुपयांना विकायला आपणहून तयार होती, म्हणजे तिचा सीमांत खर्च त्याहून जास्त नसणार. तो आकडा धरला तर नेक्सावारचं लर्नरचं माप ९७ टक्क्यांच्या घरात जातं. दुसरा पुरावा मुंबईच्या सिप्ला कंपनीचा. पेटंटचा खटला दिल्लीच्या उच्च न्यायालयात चालू असतानाच सिप्ला हे औषध विकत होती, महिन्याला सुमारे अठ्ठावीस हजार रुपये दराने. नॅटकोला परवाना मिळाल्यावर दोनच महिन्यांत, मे २०१२ मध्ये, सिप्लाने आपला दर ६,८४० रुपयांवर आणला. कुठल्याही आदेशाने तिला तसं सांगितलं नव्हतं. दोनच विक्रेते असताना अठ्ठावीस हजारांना विकता येत होतं, तिसरा ८,८०० घेऊन उभा राहिल्यावर येईना.

विक्रीच्या बाजूचं चित्रही आदेशात आहे. पेटंटधारकाचं औषध देशातल्या गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोचत होतं, असा निष्कर्ष नियंत्रकांनी काढला. पेटंट कायद्याच्या कलम ८४ मध्ये सक्तीच्या परवान्याची तीन कारणं दिली आहेत. लोकांची वाजवी गरज भागत नसणं, औषध परवडेल अशा किमतीत मिळत नसणं आणि पेटंटचा भारतात प्रत्यक्ष वापर होत नसणं. यातली पहिली दोन म्हणजे आपल्या तक्त्यातले उत्पादन आणि किंमत हे दोन रकानेच. कायदा लिहिणाऱ्यांनी सीमांत प्राप्तीचा उल्लेख केलेला नाही, पण तिचे परिणाम त्यांनी नेमके ओळखले होते.

आदेशात आणखी एक बारीक गोष्ट होती. नॅटकोने बायरला विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यायचं. बायर अपिलात गेली तेव्हा अपील मंडळाने २०१३ मध्ये परवाना कायम ठेवला आणि शुल्क ७ टक्के केलं. ८,८०० वर सात टक्के म्हणजे महिन्याच्या गोळ्यांमागे ६१६ रुपये. हे शुल्क प्रत्येक विक्रीमागे द्यायचं असल्याने ते नॅटकोच्या सीमांत खर्चात मिळतं आणि किमतीवर दाब आणतं. त्याऐवजी वर्षाला एक ठरावीक रक्कम द्यायची असती, तर पुढच्या रुग्णाला विकायचं की नाही या हिशेबात ती आलीच नसती. म्हणून मक्तेदाराकडून वर्षाला ठोक फी घेतली तर त्याचा नफा घटतो, पण किंमत आणि विक्री जागच्या जागी राहतात. दर नगामागे कर लावला तर किंमत वाढते आणि विक्री आणखी आक्रसते. परवाने, शुल्क, कर ठरवताना हा फरक नजरेआड झाला की भुर्दंड गिऱ्हाइकावर पडतो.

दरावर सरकारने मर्यादा घातली तर काय होईल, याचं उत्तरही याच हिशेबातून निघतं, आणि ते पुष्कळांना अनपेक्षित वाटतं. आपल्या तक्त्यातल्या कंपनीला सांगितलं की तीस हजारांच्या वर दर लावायचा नाही. आता पहिल्या रुग्णाकडून तीस हजार, पाचव्याकडून तीस, आठव्याकडूनही तीस. नव्या गिऱ्हाइकासाठी जुन्यांचा दर उतरवण्याचा प्रश्नच उरला नाही, तो आधीच उतरलेला आहे. आठव्या रुग्णापर्यंत सीमांत प्राप्ती तीस हजारांवर स्थिर झाली आणि खर्च दहाच आहे. कंपनी आता पाचांऐवजी आठ रुग्णांना विकेल, कारण तिच्याच फायद्याचं तेच आहे. मक्तेदारीत योग्य जागी घातलेली मर्यादा दर उतरवते आणि पुरवठा वाढवते. स्पर्धेच्या बाजारात, जिथे भाव आधीच खर्चाला टेकलेला आहे, तिथे तीच मर्यादा माल गायब करते. मक्तेदारावरही ती दहा हजारांच्या खाली नेली तर एकही गोळी बाजारात येणार नाही. दरनियंत्रण चांगलं की वाईट, असा सरसकट वाद म्हणूनच निष्फळ असतो. सीमांत खर्च कुठे आहे, हे आधी विचारायला हवं.

या सगळ्याविरुद्धचा वजनदार मुद्दा मी आतापर्यंत बाजूला ठेवला होता. किंमत सीमांत खर्चाइतकी झाली, तर संशोधनाचा पैसा कशातून भरून निघणार? दहा हजारांना दहा रुग्णांना विकून आपल्या उदाहरणातली कंपनी एक पैसाही कमवत नाही. हे कळल्यावर पुढचं औषध कोणी शोधायला घेणारच नाही. पेटंट म्हणजे याच कारणासाठी समाजाने जाणूनबुजून दिलेली वीस वर्षांची मक्तेदारी आहे. तो एक लाखाचा तोटा आपण वीस वर्षं सोसायचा आणि बदल्यात औषध मुळात अस्तित्वात येतं, असा तो सौदा आहे. मला हा सौदा मान्य आहे. पण मान्य आहे म्हणजे त्याची कुठलीही किंमत मान्य आहे असं नाही. संशोधनाचा खर्च हे मक्तेदारी देण्याचं कारण आहे, मक्तेदारीतली किंमत मात्र त्या खर्चावरून ठरत नाही. ती रुग्णांच्या देण्याच्या ताकदीवरून ठरते. संशोधनाला दहा कोटी लागलेले असोत की हजार कोटी, तक्त्यातला दर साठ हजारच राहतो.

दुसरी मर्यादा माझ्या तक्त्याचीच आहे आणि ती मला अस्वस्थ करते. त्यात दहाच रुग्ण आहेत, कारण दहा हजार देऊ शकणारे तेवढेच धरले. ज्याच्याकडे पाच हजारच आहेत, तो मागणीच्या वक्रावर दिसतच नाही. आजार त्यालाही तितकाच असतो. मागणी पैसे देण्याची ताकद मोजते, गरज मोजत नाही, म्हणून स्पर्धा पूर्ण झाली तरी अकरावा रुग्ण बाहेरच राहतो. कुरियन यांच्या आदेशात वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत द्यावं, अशी अट नॅटकोवर होती. ८,८०० रुपयेसुद्धा अनेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे त्यात गृहीत होतं.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हा परवाना वैध ठरवला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बायरची याचिका फेटाळली. पण ही वाट पुढे रुळली नाही. डासाटिनिब या कर्करोगावरच्या औषधासाठी आलेला अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला, मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनचा २०१६ मध्ये. कंपन्यांनी मात्र नेक्सावारपासून धडा घेतला आणि त्या वेगळ्या वाटेने गेल्या.

तक्त्यातल्या विक्रेत्याला सगळ्यांना एकच दर लावावा लागतो, असं मी धरलं होतं. तसं नसेल आणि प्रत्येक रुग्णाकडून त्याच्या ताकदीप्रमाणे वेगळा दर घेता आला, तर नव्यासाठी जुन्यांना सूट द्यावी लागत नाही. विक्रेता दहाही रुग्णांना विकतो आणि खर्चाच्या वरचा सगळा लाभ स्वतःकडे ठेवतो. प्रत्येक माणसाचा खिसा तपासणं शक्य नसतं, देशांची विभागणी मात्र करता येते. एका देशात स्वस्त विकलं की दुसऱ्या देशातले लोक त्या दराकडे बोट दाखवतात आणि माल तिकडून इकडे झिरपतो, म्हणून कंपन्या आधी जगभर जवळपास एकच चढा दर धरून ठेवत. हिपॅटायटिस ‘सी’वरच्या सोफोसबुविर या औषधाबाबत अमेरिकेच्या गिलियड कंपनीने ही विभागणी करारानेच केली. अमेरिकेत एका गोळीचा दर होता १,००० डॉलर, बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्यांचे ८४,००० डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये तिने सात भारतीय कंपन्यांना हेच औषध बनवून ९१ विकसनशील देशांत विकण्याचा परवाना आपणहून दिला, ७ टक्के स्वामित्वशुल्कावर. भारतात त्या सात कंपन्यांमध्ये स्पर्धा लागली आणि दर खर्चाच्या दिशेने कोसळले, अमेरिकेत मक्तेदारीचा दर अबाधित राहिला. चीन आणि ब्राझील त्या ९१ देशांच्या यादीत नव्हते. तिथे गरीब रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, पण अमेरिकेतल्यासारखा नाही तरी बराच चढा दर देऊ शकणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना सूट देण्यात कंपनीचं नुकसान होतं.